पेरणीआधी पाव किलो सोयाबीन शाळेत पोचवा

गावातल्या आणि वाड्यावस्त्यांवरच्या सगळ्या शेतकरी बंधू-भगिनींना ही कळकळीची विनंती आहे. यंदा पेरायचं म्हणून घरात जे सोयाबीन राखून ठेवलं आहे, त्यातलं पाव किलो 10 मेच्या आत हायस्कूलमध्ये आणून द्या. सोबत एक चिठ्ठी द्या. तिच्यावर काय लिहायचं ते पुढे सांगतो. नववीची मुलं ते बी उगवून बघतील आणि शंभरातले किती दाणे धड उगवले हे तुम्हाला कागदावर लिहून देतील. यासाठी पैसा लागणार नाही.

10 तारीखच का, ते सांगतो. सोयाबीनच्या उगवण चाचणीला आठ दिवस लागतात. पाचव्या दिवशी पहिली मोजणी, आठव्या दिवशी शेवटची. एखाद्याच्या चाचणीत काही शंका आली तर ती पुन्हा लावायची म्हणजे आणखी आठ दिवस. 10 मेला आलेल्या बियाण्याचा पक्का आकडा असा 26 मेपर्यंत हाती येतो. तोवर रोहिणी लागलेली असते. मृग 7 जूनच्या सुमारास निघतो. बी नापास झालं तर दुसरं शोधायला तुमच्या हाती उरतात ते एवढेच बारा-तेरा दिवस. तुम्ही नमुना मेच्या शेवटी आणलात तर मुलं चाचणी करतील, पण तिचा उपयोग फक्त त्यांच्या वहीला होईल, तुमच्या शेताला होणार नाही.

2020 चा जून आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही. मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी आल्या, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. आदल्या ऑक्टोबरात काढणीच्या वेळी पाऊस धो धो कोसळला होता. शेंगेतच भिजलेलं आणि ओलं असतानाच मळलेलं बी पोत्यात भरलं गेलं होतं. बाहेरून दाणा पिवळाधमक, टपोरा दिसत होता आणि आत जीव नव्हता. सोयाबीनचं असंच आहे. ज्वारीच्या मानाने त्याचं टरफल फार पातळ असतं. अंकुराचं मूळ त्या टरफलाच्या अगदी खाली असतं, त्यामुळे पोतं खांद्यावरून जमिनीवर आदळलं तरी ते दुखावतं. शिवाय दाण्यात तेल आहे आणि ते उष्ण-दमट हवेत हळूहळू खवटतं. त्यातून दाण्याच्या आतली पेशींची आवरणं फाटत जातात. डोळ्यांनी यातलं काहीच दिसत नाही. ते दिसतं फक्त उगवून बघितल्यावर.

आता बियाण्याच्या वयाबद्दल. गावात सगळे विचारतात, "किती वर्षांचं बी चालतं?" या प्रश्नाला नुसतं वर्षांत उत्तर देता येत नाही, आणि मुलांच्या या प्रकल्पाचा गाभा तोच आहे. दाणा किती जुना आहे यापेक्षा तेवढ्या काळात तो किती ओलसर आणि किती गरम राहिला यावर त्याचं आयुष्य ठरतं. हॅरिंग्टन नावाच्या अमेरिकी बीजशास्त्रज्ञाने याचा एक ढोबळ नियम घालून दिला आहे. दाण्यातला ओलावा एक टक्का कमी केला तर आयुष्य साधारण दुप्पट होतं. साठवणीचं तापमान पाच अंशांनी कमी केलं तर ते पुन्हा दुप्पट होतं. दाण्यात 5 ते 14 टक्के ओलावा असेल तोवर हा नियम लागू पडतो. त्याहून ओल्या दाण्याला बुरशी आणि स्वतःचीच ऊब आधी मारते.

आपल्याच गावात हा नियम लावून पाहा. एकाच शेतातलं, एकाच दिवशी मळलेलं सोयाबीन दोन भावांनी वाटून घेतलं. थोरल्याने ते चांगलं वाळवून, दहा टक्के ओलाव्याला आणून माळवदाच्या घरात ठेवलं. तिथे सरासरी 30 अंश तापमान आहे. धाकट्याने बारा टक्क्यांवरच पोती भरली आणि पत्र्याच्या शेडमध्ये लावली. तिथे 40 अंश आहे. ओलाव्यात दोन टक्क्यांचा फरक म्हणजे चौपट. तापमानात दहा अंशांचा फरक म्हणजे आणखी चौपट. थोरल्याच्या बियाण्याचं आयुष्य धाकट्याच्या सोळापट निघतं. हे गणित काट्यावर तोलावं इतकं अचूक नाही. दिवसा-रात्रीचं तापमान बदलतं, पावसाळी हवेतून दाणा पुन्हा ओल ओढतो. पण दोघांचं बी एकाच वयाचं असून एकाचं उगवतं आणि दुसऱ्याचं मातीत कुजतं, याचं कारण त्यात आहे. शेजाऱ्याचं उगवलं म्हणून आपलंही उगवेल, असं धरून चालू नका.

दुसरी गोष्ट याहून धोक्याची आहे. बी दरवर्षी सारख्या दराने मरत नाही. साठवण तीच राहिली तर उगवणशक्ती बराच काळ जवळजवळ टिकून राहते आणि मग एकदम कोसळते. आकड्यांत सांगायचं तर 98 टक्क्यांवरून 84 वर यायला जेवढा काळ लागतो, तेवढ्याच काळात ती पुढे 84 वरून 50 वर येते आणि त्यानंतर 50 वरून 16 वर. ज्याने मार्चमध्ये चाचणी घेतली आणि 84 आले, तो निश्चिंत होऊन बसतो. त्याच्या पोत्यांवर एप्रिल आणि मे पत्र्याखाली जातो. जूनमध्ये तो 84 च्या हिशेबाने पेरतो आणि शेतात उगवतं अर्धं. म्हणूनच मार्चची चाचणी केलेली असली तरी नमुना पुन्हा द्या. आणि गेल्या जूनमध्ये पेरून उरलेलं सोयाबीन साध्या पोत्यात एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढून आलेलं असेल, तर ते तर नक्कीच आणा. असं बी सहसा पेरण्याच्या लायकीचं राहिलेलं नसतं.

नमुना कसा काढायचा हे नीट ध्यानात घ्या, कारण इथे चुकलं की पुढची सगळी मेहनत वाया जाते. पोत्याचं तोंड सोडून वरची मूठ आणू नका. वरचं बी वाळलेलं असतं, भिंतीला टेकलेलं आणि खाली फरशीला लागलेलं ओल धरतं. व्यापारी पोत्यात खुपसून दाणे काढतात ते टोकदार नळकांडं शाळेने आणून ठेवलं आहे, ते घेऊन जा. वर, मध्ये आणि तळाशी असं प्रत्येक पोत्यातून थोडं थोडं काढा, सगळं एका घमेल्यात मिसळा आणि त्यातलं पाव किलो द्या. पेरण्याआधी तुम्ही चाळणी मारणार असाल तर चाळूनच द्या. मात्र त्यानंतर चांगले दाणे वेचून देऊ नका. जे तिफणीत पडणार आहे, तेच आमच्याकडे यायला हवं. माळवदाखालची पोती आणि शेडमधली पोती यांचे नमुने वेगवेगळे ठेवा. घरच्या दोन जागांचे आकडे वेगळे आले तर त्यातूनच तुम्हाला सगळ्यात जास्त कळणार आहे.

औषध चोळलेलं, लाल-गुलाबी-निळं झालेलं बी मात्र शाळेत मुळीच पाठवू नका. ही मुलं दाणे हाताने मोजणार आहेत.

चिठ्ठीवर लिहा: वाण कोणता, बी कोणत्या वर्षीच्या काढणीचं, काढणीच्या वेळी पाऊस लागला होता का, मळणी यंत्राने केली की काठीने, बी कशात ठेवलं (गोणपाट, प्लास्टिकचं पोतं, लोखंडी कोठी, बळद), आणि ती जागा माळवदाखाली होती, स्लॅबखाली की पत्र्याखाली. पोत्यांची थप्पी किती उंच होती तेही लिहा, कारण तळाच्या पोत्यातले दाणे वरच्या ओझ्याने चेपतात. एखादी गोष्ट आठवत नसेल तर ती जागा कोरी सोडा. अंदाजाने भरलेल्या चिठ्ठीपेक्षा कोरी जागा आम्हाला परवडते.

मुलं काय करणार आहेत तेही तुम्हाला माहीत असावं, म्हणजे आकड्यावर भरवसा ठेवता येईल. नमुन्यातून न निवडता 400 दाणे मोजायचे आणि त्याचे शंभर-शंभराचे चार भाग करायचे. पुष्कळ जण घरी फडक्यात दहा दाणे गुंडाळून बघतात आणि समाधान मानतात. त्यातला धोका वर्गाने नाणी उडवून आणि गणित मांडून तपासला आहे. समजा, तुमच्या बियाण्याची खरी उगवण 70 टक्के आहे. त्यातले दहा दाणे शंभर वेळा लावले तर सुमारे पंधरा वेळा त्यातले नऊ किंवा दहा उगवतील आणि तुम्हाला वाटेल, बी उत्तम आहे. जवळपास तितक्याच वेळा पाच किंवा त्याहून कमी उगवतील आणि चांगलं बी तुम्ही मोंढ्यावर विकून टाकाल. शंभर दाण्यांवर हा गोंधळ आटोक्यात येतो. 400 दाण्यांवर आकडा बहुधा 65 ते 75 च्या आतच राहतो. पाव किलो मागतो ते एवढ्यासाठी. 400 दाण्यांना पन्नासेक ग्रॅम पुरतात, पण चाचणी पुन्हा लावायला आणि ओलावा तपासायला उरलेलं लागतं.

शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे. एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत, नाहीतर एकाची बुरशी दुसऱ्यावर चढते. वरून दुसरं ओलं गोणपाट घालून सैल गुंडाळी करायची. पाणी निथळलेलं हवं, टपकणारं नको, कारण पाण्यात बुडालेल्या सोयाबीनला हवा मिळत नाही आणि जिवंत दाणाही कुजतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसवर जातो. या चाचणीला 25 ते 30 अंश लागतात. म्हणून गुंडाळ्या प्रयोगशाळेत न ठेवता शाळेच्या जुन्या दगडी खोलीत पाण्याच्या रांजणाशेजारी ठेवल्या जातील आणि मुलं आळीपाळीने थर्मामीटर बघून नोंद करतील. तापमान वर गेलं आणि सगळेच नमुने एकदम खराब निघाले, तर दोष बियाण्याचा नाही, आमचा आहे, असं समजून चाचणी पुन्हा होईल. हे ओळखता यावं म्हणून उगवण आधीच ठाऊक असलेला एक नमुना दर वेळी सोबत लावला जातो.

मोजणीत एक कडक नियम आहे आणि त्यावरून काही घरांत नाराजी होईल, म्हणून आधीच सांगतो. मोड दिसला म्हणजे दाणा उगवला, असं आम्ही मोजणार नाही. मूळ सरळ, खोड धड, दोन्ही दलं शाबूत असतील तरच ते रोप धरायचं. मूळ खुंटलेलं, खोड पिळवटलेलं किंवा चिरलेलं, दलं अर्धी गळालेली अशी रोपं वेगळ्या रकान्यात जातात. फडक्यात ती जिवंत दिसतात, पण वरून एक इंच मातीचा थर पडला की बाहेर येत नाहीत. तिसऱ्या रकान्यात मऊ पडून कुजलेले दाणे. चौथ्यात पाणीच न प्यालेले गणंग. मुगा-मटकीत असे गणंग पुष्कळ निघतात आणि ते मेलेले नसतात. सोयाबीनमध्ये ते क्वचितच असतात. चारही शंभरांचे आकडे जवळपास हवेत. 78, 74, 81, 75 असे आले तर सरासरी 77 लिहून द्यायची. पण एका शंभरात 85 आणि दुसऱ्यात 58 आले तर सरासरी काढायचीच नाही. नमुना नीट मिसळला नव्हता किंवा गुंडाळीत काही बिघडलं, असं धरून चाचणी पुन्हा लावायची.

आकडा हाती आल्यावर काय करायचं, याचा हिशेब कृषी विभागाने घालून दिला आहे. 70 टक्के किंवा जास्त उगवण असेल तर एकरी 30 किलो. त्याखाली दर एक टक्क्याला अर्धा किलो वाढवायचा. तुमचा आकडा 66 आला, म्हणजे चार टक्के कमी, तर एकरी 32 किलो. पाच एकरांना 150 ऐवजी 160 किलो लागतील. दहा किलो जास्त बी म्हणजे फार मोठा खर्च नाही, पण तो आधी कळला पाहिजे. 60 ला हिशेब 35 किलोवर जातो आणि तिथे थांबतो. 60 च्या खालचं बी पेरूच नका. कितीही दाट टाकलं तरी उपयोग नाही, कारण उरलेल्या जिवंत दाण्यांतही जोर राहिलेला नसतो. गोणपाटावर ते कसेबसे उगवतात, पण शेतात पपडी धरली किंवा पावसाने दोन दिवस ओढ दिली की तिथेच बसतात. शाळेने 75 लिहून दिलं तरी शेतात तेवढंच उगवेल अशी हमी आम्ही देऊ शकत नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडून जमीन खोल भिजल्यावर, तीन-चार सेंटिमीटरवर पेरलं तरच तो आकडा शेताच्या जवळपास येतो.

ओलाव्यासाठी शाळेत यंत्र नाही. त्यासाठी मुलं कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर दाणे आणि चमचाभर भाजून कोरडं केलेलं मीठ घालून हलवतील आणि पंधरा मिनिटं ठेवतील. मीठ काचेला चिकटलं तर दाण्यात ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे, मोकळं राहिलं तर खाली. या कसोटीने बारा आणि नऊ यांतला फरक कळत नाही. पण ज्याचं मीठ चिकटेल, त्याच्या घरी मुलं त्याच संध्याकाळी निरोप घेऊन येतील. ते बी त्याच दिवशी पसरावं लागतं, आणि तेही तापलेल्या स्लॅबवर नव्हे तर सावलीत, वाऱ्यावर.

यावरून एक गोष्ट बजावून सांगायला हवी. हवाबंद डबा चांगला, असं ऐकून काहींनी यंदा सोयाबीन तसंच ड्रममध्ये भरून झाकण घट्ट लावलं आहे. हवाबंद भांडं चांगलं असतं ते पूर्ण वाळलेल्या बियाण्याला. साध्या पोत्यातल्या सोयाबीनला 12 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. हवाबंद पिशवीसाठी मात्र सरकारी प्रमाणात ती मर्यादा 7 टक्के आहे. अकरा-बारा टक्क्यांचं बी ड्रममध्ये कोंडलं की ओल बाहेर जायला वाट राहत नाही आणि ते गोणपाटातल्या बियाण्याच्याही आधी मरतं. ज्यांनी असं भरलं आहे त्यांनी आजच झाकण उघडावं आणि पहिला नमुना त्यातूनच आणावा.

गावभरच्या चिठ्ठ्या एकत्र आल्या म्हणजे कोणती साठवण चांगली हे लगेच ठरेल, असं मुलांनाही आधी वाटत होतं. तसं नसतं. जो शेतकरी दोन वर्षं बी टिकवतो, तो मुळातच काळजी घेणारा असतो. त्याची मळणी, वाळवण, जागा सगळंच चांगलं असतं. त्याचं जुनं बी दुसऱ्याच्या नव्या बियाण्यापेक्षा सरस निघालं, तर जुनं बी चांगलं असा अर्थ काढता येत नाही. यासाठी एकाच शेतातलं, एकाच मळणीचं बी वेगवेगळ्या साठवणीत ठेवून दर दोन महिन्यांनी बघावं लागेल. येत्या दिवाळीच्या सुमारास ज्यांची मळणी होईल, त्यांच्यापैकी एकाने वीस किलो बी यासाठी द्यावं अशी दुसरी विनंती आहे. त्यातलं काही गोणपाटात, काही प्लास्टिकच्या पोत्यात, काही नीट वाळवून बंद डब्यात, काही राख मिसळून लिंपलेल्या मडक्यात जाईल आणि प्रत्येकाचा अर्धा भाग पत्र्याखाली, अर्धा माळवदाखाली राहील. पुढच्या मेमध्ये आपल्याच हवेतले, आपल्याच घरातले आकडे गावाकडे असतील.

शेवटची विनंती आजी-मावशींना आहे. तुमच्या उतरंडीत, भोपळ्याच्या तुंब्यात, फडक्याच्या पुरचुंडीत दगडी ज्वारी, पिवळी ज्वारी, राळा, कारळ, गावरान तूर, परसातला वाल असं काही राहिलं असेल, तर ते या पावसाळ्याच्या पुढे ढकलू नका. मघाशी सांगितलेली घसरण त्यालाही लागू आहे. जगभरच्या बीजपेढ्यांत बियाण्याची उगवण सुरुवातीच्या 85 टक्क्यांखाली गेली की ते पेरून ताजं करण्याचा दंडक आहे, कारण त्यापुढे हाताशी वेळ थोडा राहतो. सोयाबीन मेलं तर बाजारातून दुसरं आणता येतं. तुमच्या पुरचुंडीतला वाण गावात दुसऱ्या कोणाकडे नसेल, तर तो गेला तो गेला. असं बी मूठभर असेल तर आम्ही 400 दाणे मागणार नाही, वीस-पंचवीस दाणे पुरेत. त्यावरून टक्केवारी नेमकी कळत नाही, पण बी जिवंत आहे की नाही हे कळतं. जे उगवतील ते मुलं पिशव्यांत लावतील आणि रोपं तुमच्या घरी आणून देतील. वालासारख्याचे काही दाणे पाणी न पिता तसेच राहिले, तर ते मेले असं न ठरवता टरफलाला बारीक ओरखडा देऊन पुन्हा भिजवले जातील. उरलेलं सगळं बी तुमच्याकडेच राहील, आणि मृग बरसला की त्यातलं निम्मं पेरा. निम्मं मागे ठेवा, पाऊस दगा देऊ शकतो.

सुट्टी असली तरी शाळेचं दार रोज सकाळी आठ ते अकरा उघडं आहे. ज्यांना येणं जमत नाही त्यांनी शेजारच्या मुलाकडे निरोप द्या, मुलं घरी येऊन नमुना काढून नेतील. चिठ्ठी लिहायलाही तीच मदत करतील. 10 मेच्या आत पाव किलो बी द्या.